वर्तुळ पुन्हा घ्यावे

यशोधरा भालेराव मॅडमनी रजेचा अर्ज याआधीही लिहिला होता. पहिल्यांदा लिहिला तेव्हा मुलगा चेतन दहावीला होता, म्हणून तो पर्समध्येच राहून चुरगळला. दुसऱ्यांदा निवडणुकीच्या कामाची ऑर्डर आली. मग यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत ऑपरेशन उरकून घ्यायचं पक्कं ठरलं. म्हणजे रजाही लागणार नव्हती आणि दहावीचे तासही बुडणार नव्हते. पण नगरच्या डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि मान हलवली.

"इतक्या कमी रक्तावर मी पोटाला हात लावणार नाही. आधी इंजेक्शनं घ्या, रक्त वाढू दे. मग बघू."

"मग म्हणजे कधी? शाळा सुरू होईल."

"होऊ दे ना," बाई म्हणाल्या. "पिशवीला गाठी किती दिवसांपासून आहेत, ते तुम्हीच मला सांगितलंय. आता शाळा सांभाळायची की स्वतःला?"

यशोधराबाईंनी रिपोर्टची घडी करून तो पर्समध्ये ठेवला. पंधरा-सोळा वर्षं त्या प्रवरेकाठच्या एका गावातल्या माध्यमिक विद्यालयात नववी-दहावीला गणित शिकवत होत्या. घर कोल्हारला. नवरा जालिंदर वीज मंडळात वायरमन. चेतन आता शिकायला बाहेरगावी. सकाळी सासूबाईंचा डबा, स्वतःचा डबा, मग स्कुटीवरून शाळा. नोव्हेंबरात उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता भरलेला असायचा. त्यांच्या मागून हळूहळू जाताना पोटात असं काही ओढल्यासारखं व्हायचं की त्या कडेला थांबून घेत. या पहिल्या सत्रात तर महिन्यातले निम्मे दिवस त्यांचा चेहरा मेणासारखा असायचा. वर्गात खुर्चीवर बसून शिकवायच्या, फळ्यावर लिहायला एखाद्या मुलीला उठवायच्या. मुलांना काही विचारायची हिंमत नव्हती. मुलींना थोडंफार कळलेलं असावं.

इंजेक्शनं झाली, रक्त वाढलं, डिसेंबरच्या सुरुवातीची तारीख मिळाली. डॉक्टरीणबाईंनी नियोजित शस्त्रक्रियेचं पत्र दिलं आणि त्यात दीड महिन्याच्या विश्रांतीचा सल्ला लिहिला. ते घेऊन मॅडम ऑफिसात गेल्या.

शाळेचे क्लार्क गोरक्षनाथभाऊ. त्यांनी सेवापुस्तक काढलं, रजेच्या पानावर बोट फिरवलं आणि चष्म्यावरून बघितलं.

"मॅडम, तुमची अर्धपगारी रजा ढिगानं शिल्लक आहे."

"घेतलीच नाही तर राहणारच."

"मग वैद्यकीय कारणावर परावर्तित टाकू. पगार पूर्ण निघतो, खात्यातून रजा दुप्पट वजा होते. अर्जाला डॉक्टरांचं पत्र जोडा. परत येताना फिटनेस सर्टिफिकेट आणा, त्याशिवाय हजर करून घेता येत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि दहावी आहे म्हणून सरांनी सांगितलंय, बदली शिक्षकासाठी घटक नियोजन, पाठ टाचणं आणि अभ्यासक्रम किती झाला त्याचा तक्ता, सगळं अर्जासोबतच पाहिजे. संस्थेला फाईल जाणार आहे."

त्या आठवड्यात यशोधराबाई घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसायच्या आणि टाचणं लिहायच्या. स्वतःसाठी लिहिलेलं टाचण आणि दुसऱ्याच्या हातात द्यायचं टाचण यात फार फरक असतो, हे त्यांना लिहिताना कळत गेलं. स्वतःला 'उदा. ३ घेणे' एवढं पुरतं. दुसऱ्याला सांगावं लागतं की तिसरं उदाहरण घ्या पण आधी पहिलं दोनदा घ्या, कारण ओंकारसारखी मुलं चिन्ह बदलायला हमखास विसरतात. रेश्मा हुशार आहे पण हात वर करत नाही, तिला नावानं विचारा. शेवटच्या बाकावरचा पार्थ सकाळी गोठ्याचं काम करून येतो, पहिल्या तासाला पेंगतो, त्याला फळ्याशी बोलवा, रागावू नका. हे टाचणात लिहायचं नसतं. त्यांनी लिहिलं.

संभाव्यता, सांख्यिकी, त्रिकोणमिती, महत्त्वमापन, एकेक प्रकरण नीट उतरत गेलं. अडलं ते पूर्ततेच्या तक्त्यावर.

तक्ता सोपा होता. घटकाचं नाव, शिकवल्याची तारीख, शेरा. समरूपता पूर्ण. पायथागोरस पूर्ण. मग आलं वर्तुळ. ऑक्टोबरच्या मासिक अहवालात त्यांनीच लिहिलं होतं, 'वर्तुळ, पूर्ण.' आणि ते खोटं नव्हतं. सगळी प्रमेयं झाली होती, स्वाध्याय झाला होता. पण ते प्रकरण त्यांनी सगळ्यात वाईट दिवसांत, खुर्चीत बसून, वाचून दाखवल्यासारखं शिकवलं होतं. दरवर्षी त्या मुलांना मैदानावर नेत, फक्कीनं मोठं वर्तुळ आखत, मुलांना परिघावर उभं करत आणि दोऱ्या धरायला लावत. अंतर्लिखित कोन मग पोरांच्या अंगात उतरायचा. यंदा मैदानापर्यंत चालत जायची ताकद नव्हती. सहामाहीच्या पेपरात वर्गानं प्रमेय घडाघडा लिहिलं होतं आणि आकृती जरा फिरवून दिली तर निम्मा वर्ग कोरा.

त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'शिकवले आहे. मुलांना आलेले नाही. वर्तुळ पुन्हा घ्यावे.'

मुख्याध्यापक काकासाहेब खर्डे सर माणूस वाईट नव्हते. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. शाळेत इंग्रजीची जागा रिकामी, शिपायाची जागा रिकामी. दिवस कुठली ना कुठली ऑनलाइन माहिती भरण्यात जायचा. त्यांनी अर्ज वाचला, डॉक्टरांचं पत्र वाचलं, टाचणांची पानं उलटली आणि खूश झाले.

"असं काम पाहिजे. नाहीतर लोक रजेवर जातात आणि मागं नुसता फळा ठेवतात." मग ते तक्त्यापाशी आले आणि थांबले. "मॅडम, हे काय?"

"खरं आहे ते, सर."

"ऑक्टोबरच्या अहवालात तुम्ही पूर्ण लिहिलंय. मी सही केलीय. तो संस्थेत जाऊन पडलाय. आता त्याच प्रकरणासमोर हे लिहून पाठवलं तर पहिला प्रश्न मला येईल, सही करताना झोपला होता का?"

"माझं शिकवून पूर्ण झालं होतं, सर. मुलांचं झालं नव्हतं."

"ते मला कळतं. तक्त्याला कळत नाही." सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "असं करा. अर्जाला जोडायचा तक्ता सरळ ठेवा. आणि हा जो आहे तो बदली मॅडमच्या हातात द्या. काम होण्याशी मतलब."

यशोधराबाईंना त्या क्षणी उभं राहणंही जड जात होतं. वाद घालायचा तर बसावं लागलं असतं, आणि बसलं की उठवलं नसतं. त्या म्हणाल्या, "बरं." दुसरा तक्ता लिहिला, त्यात वर्तुळासमोर 'पूर्ण' लिहिलं, तो अर्जाला जोडला. सरांनी 'शिफारस' लिहून सही ठोकली आणि फाईल संस्थेच्या ऑफिसात गेली.

बदली शिक्षिका मिळाली ती बेलापूरची मोनिका बनकर. बीएस्सी बीएड झालेली, भरतीची परीक्षा देऊन बसलेली, घरी चार मुलांच्या शिकवण्या घेणारी. तासिकेवर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतं मानधन, आणि तेही मॅडम परत येईपर्यंतच. तिला घेऊन यशोधराबाई रिकाम्या प्रयोगशाळेत बसल्या आणि दोन-तीन दुपारी सगळं समजावलं. मोनिका प्रत्येक पान वाचायची, प्रश्न विचारायची.

"मॅडम, हे वर्तुळाचं मैदानावरचं करू का मी? मी असं कधी केलेलं नाही."

"करा. पहिला आठवडा तेच करा. दोन पोरं जीवेच्या टोकांवर उभी करा, तिसऱ्याला दोऱ्या देऊन परिघावरून चालवा. पुठ्ठ्याचा मोठा कोनमापक कपाटात आहे. पोरगं जिथं थांबेल तिथं कोन मोजा. त्या बाजूला कुठंही थांबलं तरी कोन तेवढाच येतो. तोंडानं सांगू नका. त्यांना बघू द्या."

"आणि कोणी विचारलं तर?"

"कोण विचारतंय," यशोधराबाई म्हणाल्या. त्यांना तेव्हा खरोखरच तसं वाटलं.

ऑपरेशन नीट झालं. वेळ मात्र ठरल्यापेक्षा जास्त लागला, गाठी मोठ्या होत्या. बाहेर जालिंदर आणि सासूबाई भामाबाई बाकावर बसून होते. यशोधराबाईंना शुद्ध आली तेव्हा भामाबाई उशाशी होत्या.

"लई उशीर केलास, पोरी," त्या म्हणाल्या. "डाक्टरीण म्हनत हुती, आंगात रगत ऱ्हायलं न्हवतं. आन् तू गाडी चालवत शाळंत जायचीस. आमाला सांगायचं तरी."

"सांगितलं होतं, आई."

"सांगितलं हुतंस, व्हय," भामाबाई पांघरूण सारखं करत म्हणाल्या. "आमी ऐकलं न्हाई मग."

यशोधराबाईंचा घसा कोरडा होता आणि पाणी प्यायला अजून परवानगी नव्हती. भामाबाईंनी ओला कापूस ओठांवरून फिरवला.

घरी आल्यावर दिवस लांबच लांब झाले. सकाळी दहाला शाळेची घंटा होत असेल हे अंगाला कळायचं. जालिंदर कामावर जाताना चहा देऊन जायचा. त्यानं पूर्वी कधी चहा केला नव्हता, त्यामुळं तो कधी पाणचट, कधी काढ्यासारखा. त्या पिऊन टाकायच्या. कुशीवर वळायचं तरी आधी मनाशी ठरवावं लागे. इतक्या वर्षांचा थकवा आता निवांत सापडल्यासारखा अंगावर येऊन बसला होता. दिवसा झोप लागायची आणि उठल्यावर आणखी दमल्यासारखं व्हायचं.

पहिल्या आठवड्यात मोनिकाचे आनंदाचे फोन आले. मैदानावर वर्तुळ आखलं. पार्थ परिघावरून चालला. तो थांबेल तिथं कोन तेवढाच भरला तसा तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही कोनमापक बदलत नाही ना?" सगळा वर्ग हसला. मग त्यानं स्वतः मोजून बघितलं. यशोधराबाई फोन कानाशी धरून पडल्या होत्या. त्यांना टाके दुखेपर्यंत हसू आलं.

मग दोन दिवस फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी आला तेव्हा मोनिकाचा आवाज बसलेला होता.

"मॅडम, तुम्हाला त्रास द्यायचा नव्हता. पण मी आता जाते म्हणून सांगायला फोन केला."

"जाते म्हणजे? कुठं?"

हळूहळू सगळं कळलं. संस्थेचे शैक्षणिक तपासनीस न कळवता शाळेत आले होते. दहावीचा गणिताचा तास आणि पोरं मैदानावर दोऱ्या धरून उभी. त्यांनी विचारलं, कोणतं प्रकरण? मोनिका म्हणाली, वर्तुळ. त्यांनी ऑफिसात जाऊन मॅडमच्या रजेची फाईल मागवली. तक्त्यात वर्तुळासमोर 'पूर्ण'. त्यांनी मोनिकाला सगळ्या स्टाफसमोर उभं केलं.

"म्हणाले, झालेलं प्रकरण परत घेऊन दिवस काढताय का? पूर्वपरीक्षा तोंडावर आली, त्रिकोणमितीला हात लावलेला नाही. येत नसेल तर तसं सांगा, दुसरं कुणी बघू."

"तुम्ही माझा तक्ता दाखवला नाही?"

"पर्समध्ये होता. काढला नाही."

"का?"

"त्याच्यावर तुमची सही आहे, मॅडम. आणि फाईलमधल्या तक्त्यावरपण तुमचीच सही आहे." मोनिका म्हणाली. "तुम्ही ऑपरेशन होऊन पडलेल्या. मी तिथं दोन कागद समोर ठेवले असते तर कोण खोटं ठरलं असतं?"

खिडकीबाहेर उसाची ट्रॉली गेली, तिच्यावरची कुठली तरी मोठ्या आवाजातली गाणी दूर जाईपर्यंत ऐकू येत राहिली.

"आणि सर? खर्डे सर काही बोलले नाहीत?"

"सर खाली बघत होते."

"तुम्ही जाऊ नका," यशोधराबाई म्हणाल्या. "निदान सोमवारपर्यंत जाऊ नका. माझ्यासाठी."

फोन ठेवल्यावर त्यांना रडू आलं आणि रडताना पोट दुखलं, म्हणून रडणंही धड होईना. जालिंदर संध्याकाळी आला तर त्या उशीला टेकून बसलेल्या.

"काय झालं? टाके दुखतात?"

"नाही. माझ्यामुळं एका पोरीला बोलणी बसली."

त्यांनी सगळं सांगितलं. जालिंदर ऐकत राहिला. तो कमी बोलणारा माणूस. शेवटी म्हणाला, "तू आत्ता आजारी आहेस. कोण तुला विचारणारे? गप पड."

"म्हणून तर. मला कोणी विचारत नाही, तिला विचारतात."

जालिंदरनं पायातले बूट काढले. मग म्हणाला, "सरांना बोलवू का घरी? फोनवर असलं बोलता येत नाही."

खर्डे सर दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आले. राहात्याच्या पेरूंची पिशवी घेऊन. भामाबाईंनी खुर्ची दिली, चहा ठेवला. सरांनी तब्येतीचं विचारलं. हातातली पिशवी खाली ठेवायची ते विसरले होते.

"संस्थेनं खुलासा मागवलाय," ते म्हणाले. "झालेला घटक पुन्हा का घेतला म्हणून. मी विचार केला, लिहून टाकावं की बदली शिक्षिकेनं स्वतःच्या मनानं घेतला. ती काय, तासिकेवर आहे. तिला नुकसान नाही, तुम्हाला नाही, मला नाही. प्रकरण मिटेल."

"तिला नुकसान नाही कसं, सर? उद्या दुसऱ्या शाळेत गेली तर हेच सांगतील, या बाईंना काढलं होतं म्हणून."

सरांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"माझा खरा तक्ता लावा खुलाशाला," यशोधराबाई म्हणाल्या. "मूळ तक्ता मोनिकाकडं आहे. मीच तिला वर्तुळ पुन्हा घ्यायला लेखी सांगितलं होतं, तसं लिहा."

"मग तुमच्या अंगावर येईल. ऑक्टोबरात पूर्ण, नोव्हेंबरात आधी अपूर्ण, मग पुन्हा पूर्ण. तुमच्याच सहीचे तीन कागद. नोंद होईल सेवापुस्तकात."

"येऊ द्या. मी आत्ता पडूनच आहे. याहून खाली कुठं पडणार?"

आतून भामाबाई हसल्या. सरांना हसू आलं नाही. त्यांनी चहा घेतला, कप खाली ठेवला, परत उचलला, तो रिकामा होता.

"मॅडम, दुसरा तक्ता लिहायला मी सांगितला होता."

"मी लिहिला, सर. कोणी हात धरला नव्हता."

"तुम्ही उभ्या राहू शकत नव्हता त्या दिवशी. मला दिसत होतं. दिसत असताना सांगितलं." सर खिडकीकडं बघत म्हणाले. "मला वाटलं, दोन वर्षं राहिलीत. कशाला कुणाच्या डोळ्यावर यायचं. आता घरी जाऊन हे कसं लिहायचं त्याचा विचार करतो."

ते गेले तेव्हा पेरूंची पिशवी भामाबाईंनी त्यांच्या हातातून काढून घेतली.

सरांनी काय लिहिलं ते यशोधराबाईंना गोरक्षनाथभाऊंकडून कळलं. खुलाशात त्यांनी खरा तक्ता जोडला होता आणि लिहिलं होतं की, संबंधित शिक्षिकेनं वस्तुस्थिती लेखी कळवली होती, अर्जासोबतचा तक्ता माझ्या सूचनेवरून बदलण्यात आला, बदली शिक्षिकेनं दिलेल्या टाचणाप्रमाणंच काम केलं आहे. सही, शिक्का.

"टाइप करायला मला दिलं नाही," गोरक्षनाथभाऊ म्हणाले. "स्वतःच्या हातानं लिहिलं. दोनदा फाडलं."

संस्थेचं उत्तर आलं ते ना इकडचं ना तिकडचं. मुख्याध्यापक आणि सहशिक्षिका दोघांना समज देण्यात आली, की यापुढे अहवालात तफावत असू नये. बदली शिक्षिकेबद्दल एक अक्षर नव्हतं. शेवटी एक ओळ होती. नियमित तासाला नियोजनाप्रमाणे पुढील घटक घ्यावेत, उजळणी करायची असल्यास शालेय वेळेव्यतिरिक्त घ्यावी.

म्हणजे वर्तुळ आता शाळा भरायच्या आधी. मोनिकानं गाड्यांच्या वेळा आठवून बघितल्या. बेलापूरहून पहिली गाडी धरायची तर तिला अंधारातच घर सोडावं लागणार होतं. जादा तासाचं मानधन मिळणार नव्हतं.

"तुम्ही नाही म्हटलं तरी मी काही म्हणणार नाही," यशोधराबाई फोनवर म्हणाल्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

"नाही म्हणणारच होते," मोनिका म्हणाली. "पण काल पार्थनं विचारलं, मॅडम, स्पर्शिकेचं पण दोरीनं करता येतं का. मी म्हटलं, बघू. आता बघावं लागेल ना."

तिनं जादा तास घेतले. सगळी मुलं आली नाहीत. वस्त्यांवरच्या मुलांना इतक्या सकाळी यायला वाहन नव्हतं. ऊसतोडीला आलेल्यांची दोन मुलं वर्गात होती, त्यांना सकाळी धाकटी भावंडं सांभाळायची असत. पार्थला गोठा होता. पहिले काही दिवस तो आला नाही. मग खर्डे सर त्याच्या घरी गेले, वडिलांशी बोलले. काय बोलले माहीत नाही, पण मग तो एक दिवसाआड यायला लागला. थंडीनं बोटं आखडलेली असायची आणि कंपास धरवत नसे. मोनिका त्यांना आधी मैदानाला फेरी मारायला लावायची, मग वर्तुळ.

यशोधराबाईंना हे रोज कळायचं. हळूहळू त्यांनी रोज विचारणं सोडलं. ते त्यांना जड गेलं. आपला वर्ग दुसऱ्याच्या हातात चालतोय, आपल्या टाचणातली पानं मागं पडून त्या बाईची स्वतःची पद्धत सुरू झालीय, हे त्यांना आवडत नव्हतं आणि न आवडण्याचीही लाज वाटत होती. एकदा मोनिका सहज म्हणाली, "त्रिकोणमितीचं तुमचं दुसरं टाचण मी जरा बदललं, मॅडम. मुलांना पाण्याची टाकी जास्त जवळची वाटते, तुमच्या दीपस्तंभापेक्षा." यशोधराबाई "बरं केलं" म्हणाल्या. फोन ठेवल्यावर भिंतीकडं तोंड करून पडल्या. खरंच होतं. प्रवरेकाठच्या पोरांनी दीपस्तंभ कुठं बघितलाय? पुस्तकात होता म्हणून त्यांनी इतकी वर्षं तसाच फळ्यावर काढला होता.

दीड महिना झाला. डॉक्टरीणबाईंनी टाक्यांची जागा पाहिली, रक्ताचा नवा रिपोर्ट पाहिला आणि तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र दिलं. जड उचलायचं नाही, सलग उभं राहायचं नाही. "आणि त्या स्कुटीवर एवढ्यात नाही," बाई म्हणाल्या.

जालिंदरनं त्यांना मोटरसायकलवर शाळेत सोडलं. प्रत्येक खड्ड्याला तो गाडी थांबवल्यासारखी हळू करत होता. गोरक्षनाथभाऊंनी प्रमाणपत्र घेतलं, रुजू अहवालावर सही घेतली, हजेरीपटात रजेच्या रेघेपुढं आजची सही झाली. खर्डे सर उठून उभे राहिले. "या," एवढंच म्हणाले. तक्त्याचा विषय दोघांनीही काढला नाही.

पूर्वपरीक्षेचे गणिताचे पेपर नुकतेच झाले होते. मोनिकानं तपासून गठ्ठा बांधून ठेवलेला. वर्तुळाचा फिरवलेल्या आकृतीचा प्रश्न सकाळी येणाऱ्या बहुतेक मुलांना आला होता. न येणाऱ्यांना नव्हता आला. एवढं ते सरळ होतं. पार्थनं अर्धा सोडवून पुढं खोडून टाकला होता, आणि खोडलेलं बरोबर होतं. त्रिकोणमिती निम्म्यावर होती. महत्त्वमापन सगळंच बाकी. बोर्डाची परीक्षा दारात. आता ते धावतपळतच घ्यावं लागणार, आणि पुन्हा कुणीतरी मागं राहणार, हे यशोधराबाईंना पेपर चाळतानाच दिसलं.

"मला आज रिलीव्ह केलंय," मोनिका म्हणाली. तिनं कपाटाची चावी आणि पुठ्ठ्याचा कोनमापक टेबलावर ठेवला. "मॅडम, ऊसतोडवाल्यांची ती दोघं कारखान्याचा पट्टा पडून हंगाम संपला की जाणार आहेत. त्यांची बोर्डाच्या परीक्षेला राहायची सोय बघा. मी वसतिगृहाला विचारून ठेवलंय, पण कुणीतरी पाठपुरावा करायला पाहिजे."

"मी करते."

"आणि एक. मला रागावणार नसाल तर..."

"बोला ना."

"तुम्ही टाचणात मुलांबद्दल लिहिलं होतं ना, कोण पेंगतं, कोण बोलत नाही. त्याच्यामुळं मला पहिल्या दिवशी भीती वाटली नाही."

यशोधराबाईंना तिला काही द्यावंसं वाटलं. त्यांनी खर्डे सरांकडं जाऊन सांगितलं की पुढच्या वर्षी गणिताला तासिकेवर जागा निघाली तर पहिलं नाव हिचं लिहा. सर म्हणाले, लिहितो, पण निघेल असं वाटत नाही. ते त्यांनी मोनिकाला जसंच्या तसं सांगितलं. खोटी आशा दाखवायची नव्हती.

"माहीत होतं," मोनिका म्हणाली. "भरतीचा निकाल लागू द्या आधी." पाठीला सॅक लावून ती फाटकातून बाहेर पडली. मुलींनी खिडकीतून हाका मारल्या. तिनं वळून हात केला आणि गाडी चुकेल म्हणून चालण्याचा वेग वाढवला.

तिसरा तास दहावीचा. यशोधराबाई वर्गात गेल्या. मुलं उभी राहिली, कुणी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, त्यांनी हातानंच बसवलं. पहिल्या बाकावरून रेश्मानं, जी कधी हात वर करत नसे, विचारलं, "मॅडम, बऱ्या झाल्या का तुम्ही?"

"होतेय," त्या म्हणाल्या. "बनकर मॅडमनी कुठपर्यंत घेतलं?"

"टाकीच्या उंचीपर्यंत," मुलं एका सुरात म्हणाली.

त्यांनी खडू घेतला, फळ्यावर एक टाकी काढली, शेजारी माणूस काढला. टाकी एका बाजूला कलली. मग त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "ओंकार, ऊठ. तू फळ्यावर ये. मी सांगते तसं लिही."